हिरवा दिवा म्हणजे थांबा!

पार्किंगमध्ये सापडलेली दोन पिल्लं घरी आणली तेव्हा आई म्हणाली, "आठच दिवस हं!" आठ दिवसांनी भज्या तिच्याच मांडीवर झोपत होता आणि चिवडीला न्यायला माझी मैत्रीण तयार होती. तिचं बाळ दीड वर्षाचं. सगळं कसं मस्त चाललेलं. तेवढ्यात भज्याच्या कानामागचे केस गेले आणि आईच्या मनगटावर लाल, गोल चट्टा उठला. गजकर्ण! आई संधिवातासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या घेते, म्हणजे प्रतिकारशक्ती आधीच कमी. माझ्या पोटात गोळाच आला.

व्हेट मॅडमनी खोलीत अंधार केला आणि वूड्स लॅम्प पाच मिनिटं तापू दिला. भज्याच्या कानाजवळचे केस हिरव्या सफरचंदाच्या रंगाने चमकले. चिवडीच्या अंगावर काहीच नाही.

"म्हणजे चिवडी क्लिअर?" मी.

"नाही. दिव्यात दिसलं नाही, एवढंच."

मांजरांत हा रोग बहुतेक वेळा मायक्रोस्पोरम कॅनिस या बुरशीमुळे होतो. ती लागलेले केस सहसा चमकतात, पण दर वेळी नाही. उलट धूळ, कोंडा, मलमही चमकून फसवतं. म्हणून कल्चर. मॅडमनी कोरा टूथब्रश चिवडीच्या अंगभर दोन-तीन मिनिटं फिरवला आणि त्याचे केस प्लेटवर हलकेच टेकवले. बुरशी वाढली की प्लेटमधलं पिवळं माध्यम लाल होतं. इतर बुरशांनीही कधीकधी होतं, म्हणून मायक्रोस्कोपखाली खात्री करायची. या सगळ्याला दोनेक आठवडे लागतात.

तोवर दोघं एका रिकाम्या खोलीत. आठवड्यातून दोनदा लाइम सल्फरचं पाणी अंगावर (वास सडक्या अंड्यांचा!) आणि भज्याला पोटातून औषध. आईला थेट स्किनवाल्या डॉक्टरांकडे नेलं. शेजारच्या काकूंची ट्यूब नम्रपणे परत केली, कारण अशा ट्यूबमध्ये स्टेरॉइड असलं तर लाली दबते आणि बुरशी आत पसरत राहते.

सफाईत माझी चूक झाली. मी थेट ब्लीच ओतलं. मॅडम म्हणाल्या, "आधी केस उचला, त्यांच्यावरच तर बुरशीचे कण असतात." झाडूने ते उडतात, म्हणून व्हॅक्यूम. मग साबणाच्या पाण्याने पुसणं आणि शेवटी पातळ ब्लीच, दहा मिनिटं फरशी ओली राहील असं. चादरी मशीनमध्ये दोनदा.

बाराव्या दिवशी फोन आला. चिवडीची प्लेट पॉझिटिव्ह! दिव्यावर विसंबले असते तर ती त्या बाळाच्या पाळण्याशेजारी असती.

पुढे दोघांची कल्चर्स ओळीने दोनदा निगेटिव्ह आली, तेव्हाच खोलीचं दार उघडलं. भज्या थेट आईच्या मांडीवर. चिवडी? मैत्रिणीने रिपोर्ट मागून घेतला, वाचला आणि मगच टोपली आणली.