मागच्या बाकावरचा

कारंजा तालुक्यात शिकवत असताना सातवीतली हुशार मुलं मी मार्कांवरूनच निवडायचो. चूकच ती! मग एकदा क्षेत्रफळाचा धडा शिकवण्याआधीच त्यावरची १० गणितं वर्गाला घातली. ज्याची ८ सुटतील त्याला सरावातून सुट्टी. नेहमी काठावर पास होणाऱ्या एका पोराची ९ सुटली. त्याला शाळेमागचं वाकडंतिकडं वावर मोजायला दिलं. त्यानं त्याचे त्रिकोण पाडले, दोनदा मोजले, उत्तरं जुळेनात. दोरी ताणली की लांबते, हे त्यानंच शोधलं. धडा संपल्यावर सगळ्यांची पुन्हा परीक्षा घेतली. सुट्टी मिळालेली एक मुलगी त्यात अडखळली, तिला सरावाला बसवलं. पोराचे वार्षिक मार्क मात्र वाढले नाहीत. गृहपाठ तो लिहीतच नसे.