अस्तराखालची गाठ

जठरात दुर्बीण टाकल्यावर कधी कधी भिंतीवर एक गोलसर, गुळगुळीत फुगवटा दिसतो. त्यावरचे अस्तर आजूबाजूच्या अस्तरासारखेच गुलाबी आणि चकचकीत असते, त्याला जखम किंवा खरखरीतपणा नसतो. बहुतेक वेळा तपासणी दुसऱ्याच कारणाने चाललेली असते आणि फुगवटा अचानक समोर येतो. दुर्बिणीला फक्त अस्तराचा पृष्ठभाग दिसतो आणि गाठ त्याच्या खाली असते. त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी ती चरबीची की ट्यूमरची, हे खात्रीने सांगता येत नाही. मुळात तो फुगवटा जठराच्या भिंतीचाच आहे का, हेही आधी ठरवावे लागते.

काही खुणा मात्र तिथल्या तिथे मिळतात. बायप्सीच्या चिमट्याचे तोंड मिटून फुगवट्यावर हलकेच दाबले आणि उशीसारखा खड्डा पडून तो पुन्हा भरून आला, तर पिवळसर रंगाची ती चरबीची गाठ, म्हणजे लायपोमा, असण्याची शक्यता मोठी. जठराच्या खालच्या टोकाला, मध्यभागी छोटी खळगी असलेला उंचवटा बहुधा जन्मतःच तिथे राहून गेलेल्या स्वादुपिंडाच्या तुकड्याचा असतो. जठराच्या वरच्या घुमटात दिसणाऱ्या फुगवट्याला चिमटा लावण्याआधी थांबावे, कारण यकृताच्या आजारात तिथल्या शिरा फुगतात आणि त्यांचा चावा घेतला तर रक्तस्राव जिवावर बेतू शकतो.

झरी जामणीसारख्या तालुक्यात आणखी एक शक्यता डोक्यात ठेवावी लागते. विदर्भातल्या आदिवासी भागांत सिकलसेलचा आजार आढळतो, आणि भारतातल्या सिकलसेल रुग्णांत प्लीहा मोठी होऊन तशीच राहणे नवलाचे नाही. ही वाढलेली प्लीहा बाहेरून जठराला दाबते आणि आतून पाहणाऱ्याला फुगवटा दिसतो. हवा कमी-जास्त केल्यावर किंवा रुग्णाची कूस बदलल्यावर असा फुगवटा आकार बदलतो. भिंतीतली गाठ सहसा तसे करत नाही.

पुढचा उलगडा एण्डोस्कोपिक अल्ट्रासाउंडने होतो. डॉक्टर त्याला ईयूएस म्हणतात. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीला जठरातली हवा आडवी येते. ईयूएसमध्ये ध्वनिलहरी सोडणारा प्रोब दुर्बिणीच्या टोकालाच असतो, त्यामुळे गाठ काही मिलिमीटरवर येते आणि बारीक तपशील दाखवणाऱ्या उच्च वारंवारतेच्या लहरी वापरता येतात. जठरातली हवा ओढून पाणी भरले की भिंत पाच पट्ट्यांत दिसते: उजळ, काळी, उजळ, काळी, उजळ. पहिल्या दोन पट्ट्या अस्तराच्या, तिसरी उजळ पट्टी अस्तराखालच्या सैल ऊतींची, चौथी काळी पट्टी मुख्य स्नायूची आणि पाचवी बाहेरच्या आवरणाची.

सगळे काम या पट्ट्या मोजण्याचे आहे. गाठीच्या मधोमध पाहून भागत नाही. तिची कड जिथे निरोगी भिंतीत मिसळते तिथे प्रोब न्यावा आणि कोणती पट्टी जाड होत होत गाठ बनते, ते पाहावे. प्रोब तिरका धरला तर पट्ट्या उगाच जाड दिसतात, आणि भिंतीवर दाबला तर चेपून एकमेकींत मिसळतात. थराची चूक इथेच होते. म्हणून घाई न करता दोन-तीन कोनांतून पाहिलेलेच बरे.

तिसऱ्या पट्टीत एकसारखी पांढरी शुभ्र गाठ दिसली तर ती लायपोमा, आणि तिला हात लावायची गरज नसते. आत पूर्ण काळे आणि डॉप्लर लावल्यावरही रंग नाही, तर पाण्याची गाठ. डॉप्लरमध्ये रंग वाहताना दिसला तर फुगलेली शीर. पाचही पट्ट्या अखंड असून फुगवटा त्यांच्या बाहेर असेल, तर तो प्लीहेचा किंवा शेजारच्या एखाद्या अवयवाचा दाब. काळजीची गाठ चौथ्या, स्नायूच्या पट्टीतून उठते आणि स्वतःही काळसर असते. तीच स्ट्रोमल ट्यूमर, म्हणजे जिस्ट, असू शकते.

अडचण अशी की चौथ्या पट्टीतली प्रत्येक काळी गाठ जिस्ट नसते. स्नायूचा निरुपद्रवी लायोमायोमा अन्ननलिकेच्या तोंडाजवळ जास्त आढळतो, मज्जातंतूच्या आवरणाचा श्वानोमाही असतो, आणि पडद्यावर तिघेही बरेचसे सारखेच दिसतात. थर सांगणे हे ईयूएसचे बलस्थान. थरानंतर गाठीचे नाव सांगण्यात मात्र ते कमी पडते. तिथे पेशीच लागतात. वेडीवाकडी कड, आत पाण्याचे कप्पे, मधूनच चमकणारे ठिपके आणि 2 सेंटीमीटरपेक्षा मोठा आकार ही सावध करणारी लक्षणे आहेत, पण निदान नव्हे.

समजा, मुकुटबनकडच्या एका पंचावन्न वर्षांच्या शेतकरी बाईला दम लागतो आणि हिमोग्लोबिन 7 भरते. या भागात त्याचे खापर आधी सिकलसेलवर किंवा खाण्यापिण्यावर फुटते आणि लोहाच्या गोळ्या सुरू होतात. लोहानेही शौच काळे होते, त्यामुळे रुग्णाला खोदून विचारावे लागते. रक्ताचे शौच डांबरासारखे चिकट आणि उग्र वासाचे असते, गोळ्यांमुळे तसे होत नाही. तिला गोळ्यांच्या आधीपासूनच तसे होत होते. दुर्बिणीत जठराच्या मधल्या भागात फुगवटा आणि त्याच्या माथ्यावर लहान व्रण दिसतो. चिमट्याने घेतलेल्या तुकड्यात 'साधी सूज' येते. हा अहवाल खोटा नाही, पण तो फक्त अस्तराविषयी बोलतो. चिमटा दीड-दोन मिलिमीटरही खोल जात नाही, गाठ त्याखाली आहे. असा अहवाल घेऊन रुग्ण निश्चिंत मनाने घरी गेला तर मोलाचे महिने निघून जातात.

नागपूरला ईयूएस होते. चौथ्या पट्टीतून उठलेली 3.4 सेंटीमीटरची काळसर गाठ दिसते, आत एक छोटा पाण्याचा कप्पा. 22 गेजच्या सुईने, वाटेत रक्तवाहिनी नाही हे डॉप्लरने पाहून, कप्पा टाळून घट्ट भागातला तुकडा काढला जातो. सूक्ष्मदर्शकाखाली चातीच्या आकाराच्या लांबट पेशी दिसतात. त्या तिन्ही गाठींत असू शकतात, म्हणून रंगांची चाचणी होते. सीडी 117 आणि डॉग-1 हे रंग उमटले म्हणजे जिस्ट. डेस्मिन उमटले असते तर लायोमायोमा, एस-100 उमटले असते तर श्वानोमा. जिस्टचे नाते आतड्यांच्या हालचालींना ताल देणाऱ्या काहाल पेशींशी आहे. 1998 साली जपानमधील संशोधकांनी दाखवले की यातल्या बहुतेक गाठींत किट नावाच्या जनुकात बदल होऊन पेशीला वाढीचा हुकूम अखंड मिळत राहतो. सीडी 117 हा त्याच जनुकाच्या प्रथिनाला लागणारा रंग.

सीटी स्कॅनमध्ये यकृत आणि पोटाचा पडदा स्वच्छ निघाले, तर भिंतीचा तेवढा तुकडा काढून टाकण्याची शस्त्रक्रिया होते. जिस्ट सहसा लसिकाग्रंथींत जात नाही, त्यामुळे जठराचा मोठा भाग काढावा लागत नाही. मात्र गाठीचे आवरण फाटता कामा नये. फाटले तर पेशी पोटात सांडतात आणि आजार परतण्याचा धोका फार वाढतो. काढलेल्या गाठीत पेशीविभाजने मोजतात. सुईच्या इवल्याशा तुकड्यात ही मोजणी विश्वासाची नसते. जठरातल्या 2 ते 5 सेंटीमीटरच्या गाठीत ती पाच किंवा कमी निघाली तर आजार पसरण्याचा धोका सुमारे 2 टक्के, पाचाहून जास्त निघाली तर सुमारे 16 टक्के. या बाईच्या गाठीत तीन निघाली, तर औषधाची गरज नाही, फक्त ठरावीक काळाने सीटी.

धोका मोठा असलेल्यांना इमॅटिनिब ही गोळी, साधारण रोज 400 मिलिग्रॅम, तीन वर्षे देतात. त्याआधी जनुकाची चाचणी करावी, कारण जठरातल्या काही गाठींतल्या बदलाला ही गोळी दाद देत नाही. एके काळी ही गोळी सामान्य घराच्या आवाक्याबाहेर होती. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसचा पेटंटचा दावा फेटाळला, देशी कंपन्यांची स्वस्त गोळी बाजारात टिकली, आणि झरी जामणीच्या रुग्णाला तीन वर्षांचा विचार करणे शक्य झाले.

2 सेंटीमीटरपेक्षा लहान, लक्षणे नसलेली आणि ईयूएसवर साधी दिसणारी गाठ लगेच काढत नाहीत. पहिली फेरतपासणी तीन ते सहा महिन्यांनी, नंतर आकारानुसार एक ते तीन वर्षांनी होते. त्यासाठी आधीच्या मोजमापाचे चित्र आणि कोणत्या कोनातून मोजले याची नोंद रुग्णाच्या फाइलमध्ये असायला हवी, कारण एक-दोन मिलिमीटरचा फरक मोजणाऱ्या हाताचाही असू शकतो. वाढ खरीच दिसली, कड बिघडली किंवा रक्त जाऊ लागले, तर गाठीतला तुकडा घ्यावा किंवा ती थेट काढावी.