खांद्यावरून वाचणारे डोळे

व्यापारी घरात वही ही उघड्यावर राहणारी वस्तू असते. पेढीवरची रोजकीर्द वडिलांनी लिहावी, मुनिमाने खतावणीत उतरवावी, मुलाने तपासावी. ती कोणी चाळली म्हणून कोणाला राग येत नाही, कारण ती मुळात दाखवण्यासाठीच लिहिलेली असते. त्याच घरातील सून मात्र रात्री सारे झोपल्यावर दुसरी एक वही काढते, चार ओळी लिहिते आणि कपाटातील साड्यांच्या घड्यांखाली ती सरकवून ठेवते. कपाटाची किल्ली सासूबाईंना ठाऊक असते. नवरा एखादे दिवशी रुमाल शोधताना तिथे हात घालील, हेही तिला ठाऊक असते. मग ‘आज जाऊबाई मला लागेल असे बोलल्या’ हे वाक्य लिहिता लिहिता ‘आज मन जरा उदास होते’ असे होऊन जाते. वही कोणी उघडलेली नसते, तरीही ती वाचली गेलेली असते.

या अदृश्य वाचनाचा स्पष्ट पुरावा एका रशियन घराने मागे ठेवला आहे. लिओ टॉल्स्टॉय आणि त्याची पत्नी सोफिया, दोघेही डायरी लिहीत आणि दोघेही एकमेकांची वाचत. (पुढील तारखा त्या वेळी रशियात चालणाऱ्या जुन्या दिनदर्शिकेप्रमाणे आहेत.)

1862 च्या सप्टेंबरात टॉल्स्टॉयने सोफिया बेर्स हिला मागणी घातली आणि आठवडाभरातच, 23 तारखेला, त्यांचे लग्न झाले. तो चौतीस वर्षांचा होता, ती अठरा. पत्नीपासून काही लपवू नये, या हट्टापायी त्याने लग्नापूर्वी आपल्या तारुण्यातील डायऱ्या तिच्या हाती दिल्या. त्यांत जुगार होता, स्त्रिया होत्या, आणि यास्नाया पोल्याना या त्याच्याच जमिनीवर राहणारी अक्सिन्या नावाची शेतकरी स्त्रीही होती. तिच्यापासून त्याला एक मुलगाही झाला होता. सोफियाने ते वाचले आणि ती रडली. पुढे ‘अॅना कारेनिना’त लेव्हिन किटीला आपली डायरी वाचायला देतो, तो प्रसंग इथूनच आला. कादंबरीतील किटी क्षमा करते. सोफियानेही लग्न मोडले नाही. पण तो मजकूर तिच्या मनातून आयुष्यभर गेला नाही, हे तिच्या स्वतःच्या डायरीतून पुनःपुन्हा दिसते.

या कृतीला प्रामाणिकपणा म्हणावे का, हा प्रश्न सोपा नाही. गुरूंसमोर केलेली आलोचना अशा व्यक्तीपुढे केलेली असते, की जिला त्या दोषांसोबत संसार करायचा नसतो. टॉल्स्टॉयने आपले ओझे अशा मुलीच्या ओंजळीत ठेवले, जिला उद्यापासून त्याच अंगणात वावरायचे होते. त्याचे मन हलके झाले असेल. तिचे झाले नाही.

डायरीला वाचक मिळाल्यावर काय होते, हे त्याच्याच ध्यानात फार लवकर आले. लग्नाला वर्षही झाले नव्हते. जून 1863 मध्ये, पहिले मूल जन्माला येण्याच्या थोडेच दिवस आधी, त्याने लिहून ठेवले की या वहीत जे लिहिले आहे ते जवळजवळ सारे खोटे आहे. इथेही ती खांद्यावरून वाचते आहे, या विचाराने आपले सत्य कमी होते आणि बिघडते. म्हणजे पत्नी डायरी वाचते म्हणून डायरी खोटी होते, ही तक्रार त्याने त्याच डायरीत लिहिली, पत्नी ती वाचणार हे जाणून! त्यामुळे हे वाक्य स्वतःशी दिलेली कबुली आहे, की तिच्यासाठी ठेवलेली चिठ्ठी आहे, हे ठरवणे अवघड होते. वाचकाचे भय सत्य झाकते एवढेच नाही. ते लिहिणाऱ्याचा रोखच बदलते. माणूस स्वतःशी बोलणे सोडून वाचणाऱ्याशी भांडू लागतो, त्याला टोचू लागतो, त्याच्याकडून क्षमा मागू लागतो.

हे त्याच उन्हाळ्यात सोफियाच्या वहीत घडले. बाळ लहान होते, छातीच्या दुखण्यामुळे तिला अंगावर पाजणे जमत नव्हते, आणि दाई लावण्यावरून नवऱ्याचा राग होता. तिने आपले दुःख वहीत लिहिले. टॉल्स्टॉयने ते वाचले आणि तिच्याच वहीत, तिच्या मजकुराखाली, आपली चूक झाल्याचे लिहून क्षमा मागितली. नंतर पुन्हा कशावरून तरी बिनसले आणि त्याने ती क्षमा खोडून टाकली. सोफियाने त्याखाली नोंद केली की त्याने हे लिहिले होते आणि मग रागाने खोडले. एका पानावर तीन हस्तक्षेप झाले, आणि तरी ती तिची खाजगी वही!

त्याच ऑगस्टात टॉल्स्टॉयने आणखी एक नोंद केली आहे. आपण आता पूर्वीसारखे केवळ स्वतःसाठी लिहीत नाही, अलीकडे लिहीत होतो तसे आम्हा दोघांसाठीही नाही, तर मुलासाठी लिहितो आहोत, अशा अर्थाची. डायरीला वाचक किती सहजपणे वाढत जातात, ते इथे दिसते. 1865 नंतर मात्र बारा-तेरा वर्षे त्याची डायरी जवळजवळ थांबली. ‘युद्ध आणि शांती’ पुरी झाली ती त्या काळात आणि ‘अॅना कारेनिना’ लिहिली गेली तीही. पत्नीविषयी, लग्नाविषयी, मत्सराविषयी जे वहीत लिहिता येत नव्हते, ते दुसऱ्यांच्या नावांनी कादंबरीत लिहिता आले असावे, असे म्हणण्याचा मोह होतो. त्या कादंबऱ्यांच्या सुवाच्य नकला करून देणारी व्यक्तीही सोफियाच होती.

सोफियाने आपल्या वहीविषयी एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली आहे. 1868 च्या जुलैत जुनी पाने चाळताना तिला हसू आले. वाचणाऱ्याला वाटावे, की हिच्याइतकी दुःखी स्त्री जगात नसेल. पण तसे नव्हते. आपण डायरी लिहायला बसतो ती भांडण झाल्यावरच, असे तिने नोंदवले. म्हणून चोरून वाचणारा माणूस फसतो तो असा. त्याला प्रत्येक वाक्य खरे सापडते आणि एकूण चित्र मात्र खोटे मिळते, कारण चांगले दिवस कोणी लिहिलेलेच नसतात.

यावर उपाय म्हणून पुष्कळांनी लिपीचा आडोसा घेतला. सतराव्या शतकातील लंडनचा सॅम्युअल पीप्स लघुलिपीत डायरी लिही, आणि नको त्या प्रसंगांपाशी आला की परक्या भाषांतील शब्दांची सरमिसळ करी. म्हणजे लिपीच्या पडद्याआडही त्याला आणखी एक पडदा लागत होता. त्याच्या पत्नीला, एलिझाबेथला, तो पडदा मिळाला नाही. आपल्या एकाकी आयुष्याविषयी तिने एक कागद लिहिला होता. 1663 च्या जानेवारीत तिने तो नवऱ्याला वाचून दाखवला. त्याने तो तिच्यादेखत फाडला. त्यातील मजकूर खरा आहे, हे त्याने आपल्या डायरीत मान्य केले. त्याची चिंता अशी, की तो साध्या इंग्रजीत असल्यामुळे कोणाच्याही हाती लागला असता. तिच्या मनातले आज आपल्याला कळते ते त्याच्या लघुलिपीतून.

यास्नाया पोल्यानात आडोसा नव्हता. वय वाढले तसे डायरीचे वाचक वाढतच गेले. 1895 मध्ये सोफियाने नवऱ्याला विनवले, की तुमच्या पश्चात जग या डायऱ्या वाचील आणि मला कजाग बायको समजेल. माझ्याविषयीचे कठोर शब्द काढून टाका. त्याने ते मानले, आणि रागाच्या भरात लिहिलेले ते शब्द आपण मागे घेतो, अशी नोंद केली. ही नोंद मनापासूनची असेलही, पण तीसुद्धा कोणाच्या तरी सांगण्यावरून लिहिलेली होती. दुसरीकडे त्याचा शिष्य चेर्तकोव्ह डायऱ्यांच्या वह्या आपल्या ताब्यात ठेवू लागला आणि नव्या पानांच्या नकलाही त्याच्याकडे जाऊ लागल्या. 1910 च्या उन्हाळ्यात त्या वह्यांवरून घरात एवढा कलह माजला की टॉल्स्टॉयने त्या शिष्याकडून परत आणवून तुला शहरातील बँकेत ठेवल्या.

आणि 29 जुलैला, ब्याऐंशीव्या वर्षाच्या उंबरठ्यावर, त्याने एक छोटी वही सुरू केली. तिला त्याने नाव दिले, केवळ स्वतःसाठीची डायरी. ती तो आपल्या बुटात लपवी. आपल्या लिखाणाच्या हक्कांविषयीचे मृत्युपत्र त्याने पत्नीला न कळू देता आठवडाभरापूर्वीच जंगलात एका झाडाच्या बुंध्यावर बसून सही केले होते. त्या लहान वहीत त्याने पहिल्या काही दिवसांतच लिहिले, की हे गुपचूप करणे चुकले. सर्व वारसांना बोलावून उघडपणे सांगायला हवे होते. ही कबुली मोठ्या डायरीत उतरू शकली नसती. तिथे ती पत्नीने वाचली असती तर मृत्युपत्र उघड झाले असते, आणि शिष्याने वाचली असती तर तो दुखावला असता. पुढे शिष्याचे पत्र आले आणि टॉल्स्टॉयचे मन पुन्हा फिरले, ही गोष्ट वेगळी. पण मधल्या त्या थोड्या दिवसांत त्या वहीत जे उमटले, त्याच्यामागे कोणी उभे नव्हते.

शरद ऋतूत सोफियाला ती वही बुटात सापडली. मृत्युपत्राविषयीचा तिचा संशय पक्का झाला. 27 ऑक्टोबरच्या रात्री टॉल्स्टॉयला जाग आली, तेव्हा त्याच्या अभ्यासिकेत दिवा दिसत होता आणि कागद चाळल्याचा आवाज येत होता. ती शोधत होती. पहाटे, अंधारातच, डॉक्टरला सोबत घेऊन त्याने घर सोडले. 7 नोव्हेंबरला अस्तापोवो नावाच्या रेल्वे स्थानकावर, स्टेशनमास्तरच्या घरात, त्याला मरण आले. सोफिया तिथे पोहोचली होती. पण तो बेशुद्ध होईपर्यंत तिला आत जाऊ दिले नाही.

त्या घरातील सगळ्या वह्या पुढे छापल्या गेल्या. बुटात लपवलेलीही, आणि ती खोडलेली क्षमाही.