पन्नास ग्रॅम की शंभर?

बार्शीला माझ्या मामाचं किराणा दुकान आहे. दर रविवारी दुपारी तो स्टुलावर चढून फळ्या बघतो आणि काय संपत आलंय ते पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लिहितो. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये, त्यामुळे 'फोटो काढला की यादी तयार' हे काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं.

लोकांना वाटतं, फोटोतला साबण ओळखणं हेच अवघड. ते आता बऱ्यापैकी सोपं झालंय. काम दोन टप्प्यांत होतं. पहिलं मॉडेल फक्त 'इथे एक वस्तू आहे' एवढंच सांगत प्रत्येक पुड्याभोवती चौकट काढतं. दाटीवाटीने लावलेल्या फळ्यांसाठी 2019 साली SKU-110K नावाचा फोटोसंच आला. त्यात एका फोटोत सरासरी दीडशेच्या आसपास वस्तू आहेत, त्यामुळे असं मॉडेल शिकवायला तो उपयोगी पडतो. दुसरा टप्पा नाव ठरवण्याचा. चौकटीतला तुकडा कापून त्याची आकड्यांची एक माळ बनवायची आणि आपल्याकडच्या ओळखीच्या फोटोंच्या माळांशी ताडून बघायची. जी सर्वांत जवळची, ती वस्तू. यात फायदा असा की नवीन माल आला तर मॉडेल पुन्हा शिकवावं लागत नाही, त्याचे चार-पाच फोटो संचात टाकले की झालं.

खरी गोची आहे ती एकाच साबणाच्या दोन आकारांची. 50 ग्रॅम आणि 100 ग्रॅमच्या वेष्टनावर चित्र तेच, रंग तोच. तुकडा कापून सारख्या मापाचा केला की दोघांच्या माळा जवळपास जुळतात. कारण फोटोत रंग असतो, माप नसतं.

मग वजन वाचावं म्हटलं, तर साधा हिशोब आडवा येतो. फोनचा फोटो 4000 पिक्सेल रुंद आहे आणि त्यात दोन मीटर फळी मावली आहे असं धरू. म्हणजे एका मिलिमीटरला दोन पिक्सेल. वेष्टनावरचं वजन 3 मिलिमीटर उंच असेल, तर त्याच्या वाट्याला सहा पिक्सेल येतात. नीट वाचायला पंधरा-वीस तरी हवेत. तोच फोटो मेसेजमधून पाठवताना लहान होऊन 1600 पिक्सेलवर आला, तर उरतात अडीच. तिथे डोळे फाडून माणसालाही काही दिसणार नाही. म्हणून एका फोटोत अर्धा मीटरच फळी घ्यायची आणि मूळ फाइल वापरायची. मग त्याच अक्षराला चोवीस पिक्सेल मिळतात. मामा अर्थातच कुरकुरला, "अरे, चार फोटो काढेपर्यंत मी लिहून मोकळा होईन." तरीही पहिल्या दोन उत्तरांचे गुण फार जवळ असले, तर अ‍ॅप अंदाज न ठोकता विचारतं: 50 की 100?

मोजणीचं दुखणं वेगळंच. फोटोत पुढची रांग दिसते, मागे सहा पुडे आहेत की पोकळी, ते नाही. मामा तर पुढची ओळ नेहमी भरलेली ठेवतो, कारण रिकामं दुकान गिऱ्हाइकाला आवडत नाही! शाम्पूच्या लड्या एकावर एक लोंबतात, त्याही मोजता येत नाहीत. म्हणून फोटोवरून मी नगांचा आकडा काढायचाच नाही असं ठरवलं. फोटो सांगतो, कोणता माल फळीवर आहे आणि गेल्या वेळचा कोणता दिसत नाही. मागची खोली मामा हात घालून बघतो आणि 'भरपूर', 'निम्मं', 'शेवटचं' यांतलं एक बटण दाबतो.

होलसेलच्या भावाशी तुलना करताना वजन बरोबर असणं का महत्त्वाचं, ते इथे कळतं. वस्तू चुकीच्या मापाला जोडली गेली, तर पुढचा सगळा हिशोब बोंबलला. समजा, दहा रुपयांच्या बिस्किटांचा 24 पुड्यांचा बॉक्स एका व्यापाऱ्याकडे 212 रुपयांना आहे, म्हणजे पुडा 8 रुपये 83 पैशांना. दुसरा 218 सांगतो, पण बारा बॉक्सवर एक फुकट. 2616 रुपयांत तेरा बॉक्स, म्हणजे पुडा 8 रुपये 38 पैशांना पडतो. अ‍ॅपने दुसऱ्यापुढे हिरवी खूण केली.

मामाने बघितलं आणि म्हणाला, "आठवड्याला दोन बॉक्स जातात आपले. तेरा संपायला दीड महिना लागेल. वाचणार किती?" पहिल्याकडे तेरा बॉक्सचे 2756 झाले असते, म्हणजे वाचतात 140 रुपये. त्यासाठी सव्वीसशे रुपये रोख अडकवायचे. पहिला व्यापारी पंधरा दिवसांची उधारी देतो, ते वेगळंच.

आता भावाच्या शेजारी मी आणखी दोन रकाने घातलेत: माल किती दिवस पुरेल, आणि पैसे कधी द्यायचे. हिरवी खूण काढून टाकली. दुकानात जागा किती आहे याचाही रकाना मामाला हवाय, पण ती माळ्यावर असते आणि माळ्यावर उजेड नाही.