‘आजी बसते आहे’ : एका चुकीची गोष्ट

एम. ए.च्या वर्गाला क्रियापदांचे अर्थप्रकार शिकवताना मी कित्येक वर्षे एक चूक करीत आलो. झेनो व्हेंडलर यांनी १९५७ साली इंग्रजी क्रियापदांचे जे चार वर्ग मांडले, त्यांना मी अवस्था, व्यापार, पूर्ती आणि प्राप्ती म्हणत असे. ‘माहीत असणे’ ही अवस्था, ‘चालणे’ हा व्यापार, ‘पत्र लिहिणे’ ही पूर्ती आणि ‘पोचणे’ ही प्राप्ती. इंग्रजी उदाहरणांच्या वळणावर मी ‘बसणे’ हे क्रियापद ‘चालणे’च्या शेजारी ठेवीत असे.

एकदा एक विद्यार्थिनी उठून म्हणाली, “सर, ‘आजी बसते आहे’ म्हटलं, तर आजी अजून बसलेली नसते.”

वर्ग हसला; मी मात्र निरुत्तर झालो. ‘आजी चालत होती’ यावरून ‘आजी चालली’ हे निघते. तोच व्यापाराचा निकष. ‘आजी पत्र लिहीत होती’ यावरून ‘आजीने पत्र लिहिले’ हे निघत नाही; ते अर्धेही राहिले असेल. रोजच्या सवयीचा अर्थ बाजूला ठेवला, तर ‘आजी ओट्यावर बसत होती’ हे दुसऱ्या वाक्यासारखे वागते : कोणी हाक मारली आणि ती न बसताच वळली, असे होऊ शकते.

मग ‘बसणे’ ही प्राप्ती मानावी काय? त्यासाठी कालवाचक शब्दांची कसोटी लावून पाहिली. ‘तासभर चालली’ चालते. ‘तासाभरात पत्र लिहिले’ चालते. ‘तासाभरात घरी पोचली’ चालते, पण ‘तासभर घरी पोचली’ चालत नाही. ‘बसणे’ मात्र दोन्ही पदे स्वीकारते. गुडघे दुखणारी आजी ‘दोन मिनिटांत खाली बसली’, आणि मग ‘तासभर बसली’. पहिल्या वाक्यात बसण्याच्या हालचालीचा काळ मोजला आहे, दुसऱ्यात तिच्यानंतरच्या स्थितीचा.

यातून मराठीपुरती एक तिसरी कसोटी हाती आली. ‘आजी सकाळपासून बसली आहे’ हे वाक्य सहज वाटते. ‘सकाळपासून झोपली आहे’, ‘सकाळपासून तीच साडी नेसली आहे’ हीदेखील. परंतु ‘सकाळपासून पत्र लिहिले आहे’ असे आपण म्हणत नाही. म्हणजे पहिल्या तिन्ही क्रियापदांत बदल आणि त्या बदलाने आलेली, टिकून राहणारी स्थिती, असे दोन्ही सामावले आहे. व्हेंडलरांच्या चारांपैकी कोणताही एक कप्पा त्यांना पुरत नाही.

आता मी फळ्यावर सुटे क्रियापद लिहून त्याचा वर्ग विचारीत नाही. पूर्ण वाक्य लिहितो. ‘चालणे’ हा व्यापार खरा, पण ‘देवळापर्यंत चालणे’ ही पूर्ती होते. आणि ‘बसणे’पाशी आलो, की त्या विद्यार्थिनीचे वाक्यच प्रथम लिहितो.