पिशवीतला दुसरा चेंडू

सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावात मी अकरावीच्या पोरांना गणित शिकवायचो. संभाव्यता आली की कापडी पिशवीत 5 लाल आणि 3 पांढरे चेंडू टाकायचे. न बघता एक काढायचा, तो परत टाकायचा नाही आणि मग दुसरा काढायचा.

फळ्यावर डावीकडून झाड सुरू व्हायचं. पहिल्या दोन फांद्या लाल 5/8 आणि पांढरा 3/8. लाल निघाला असेल तर पिशवीत 7 उरले, त्यांत लाल 4. म्हणून त्या फांदीच्या टोकाला 4/7 आणि 3/7. पांढरा निघाला असेल तर लाल 5/7, पांढरा 2/7.

इथे गुणाकारच का, हे पोरं हमखास विचारायची. मी म्हणायचो, समजा हा खेळ 56 वेळा खेळलात. पहिला चेंडू साधारण 35 वेळा लाल येईल. त्या 35 पैकी 4/7 वेळा दुसराही लाल, म्हणजे 20 वेळा. ‘पैकी’ आलं की गुणायचं. लाल-लाल 20/56, लाल-पांढरा 15/56, पांढरा-लाल 15/56, पांढरा-पांढरा 6/56. बेरीज 56/56.

पण ही बेरीज 1 आली म्हणून उत्तर बरोबर, असं नाही. बरीच पोरं दुसऱ्या फांद्यांवरही 5/8 आणि 3/8 च लिहायची. त्यांची उत्तरं 25, 15, 15 आणि 9 छेद 64. बेरीज पुन्हा 1! चूक लपूनच राहायची. त्यावर माझा एक उपाय होता: पिशवीत पांढरा एकच ठेवा आणि दोन्ही पांढरे निघण्याची संभाव्यता काढा. ती शून्यच यायला हवी. ज्यांची शून्य येत नसे, त्यांनी चेंडू मनातल्या मनात परत टाकलेला असे. काही जण छेद 7 करायचे, पण अंश 5 तसाच ठेवायचे. ती चूक मात्र लगेच दिसते, कारण एकाच टोकाच्या फांद्या 5/7 आणि 3/7, बेरीज 1 च्या वर.

एकदा एका मुलीनं विचारलं, “सर, सोडतीत चिठ्ठी मागून काढणाऱ्याचं नुकसानच की?” ग्रामपंचायतीच्या आरक्षणाच्या सोडती पोरांनी पाहिलेल्या, त्यामुळे वर्गात लगेच दोन तट पडले. मी तिलाच फळ्याजवळ बोलावलं. दुसरा चेंडू लाल असण्याचे दोन रस्ते: लाल-लाल आणि पांढरा-लाल. रस्त्यावर गुणायचं, वेगवेगळे रस्ते मिळवायचे. 20 अधिक 15, म्हणजे 35/56. तिनं 7 नं भागलं आणि थबकली. 5/8! पहिल्याइतकंच.

मागच्या बाकावरून लगेच हरकत आली: “मग ते 4/7 कशाला लिहिलं?” हरकत रास्त होती. 5/8 हे पहिला चेंडू मुठीत झाकलेला असेपर्यंतच. मूठ उघडली आणि लाल दिसला तर दुसऱ्यासाठी 4/7, पांढरा दिसला तर 5/7.