कोप्यावरची लस

आमच्याकडं ऊसतोड सुरू झाली की गावाबाहेर कोप्यांची वस्ती उभी राहते. दिवाळीच्या सुमारास टोळ्या येतात आन् कारखान्याचा पट्टा पडला की निघून जातात. या लोकांची नावं आमच्या गावच्या यादीत नसतात. त्यांच्या गावच्या यादीत असतात, पण तिथं ते स्वतः नसतात. म्हणून उपकेंद्राच्या नर्सबाई आधी मुकादमाला गाठतात. टोळीत कोयते किती, लेकरं किती, लहानातलं लहान केवढं, हे वहीत उतरून घेतात. मग लसीचा दिवस ठरतो.

त्या दिवशी सकाळी आरोग्य केंद्रातून लसीचा निळा डबा येतो. आत चार बाजूंना बर्फाच्या चार पट्ट्या. गोवर-रुबेलाची लस बाटलीत कोरडी भुकटी असते, तिच्याबरोबर आलेल्याच पाण्यात ती कालवायची. एकदा कालवली की चार तास. त्यानंतर उरली तरी टाकायची, कारण तिच्यात जंतू वाढू लागले तर लसच लेकराच्या जिवावर उठते. म्हणून बाई बाटली फोडली की तिच्यावर वेळ लिहितात.

एका हंगामात मी वस्तीवर होतो. दहा वाजता बाटली फोडली होती. अडीच वाजता एक बाई फडातून धावत आली. कडेवर दहा महिन्यांची पोर, गोवराची लस एकदाही टोचलेली नाही. जुन्या बाटलीत अजून औषध दिसत होतं. नवरा म्हणाला, "ताई, हाय की त्यात, द्या टोचून." बाईंनी ती बाजूला ठेवली आन् डब्यातली नवी काढली. बाटलीवरच्या गोलातला चौकोन पाहिला. बाहेरच्या रंगापेक्षा तो फिका होता, म्हणजे लस उन्हानं खराब झालेली नव्हती. चौकोन गोलाएवढा गडद झाला असता तर तीही बाद.

मी म्हटलं, "बाई, बाटली दहा जणांची. एका पोरीसाठी नऊ डोस वाया?"

त्या म्हणाल्या, "काका, नऊ डोस पुन्हा येतील. ही टोळी उद्या दुसऱ्या फडावर गेली तर ही पोर मला कुठं सापडायची? आन् एकीला गोवर निघाला तर या दाटीत सगळ्या कोप्यांत फिरंल. एका लेकरासाठीसुद्धा बाटली फोडायची, असा नियमच हाय."

टोचून झाल्यावर मायलेकींना अर्धा तास बसवून ठेवलं, अंगावर काही उठतं का बघायला. फडात मोळ्या पडून होत्या, बाप चुळबुळत होता. तरी बाईंनी सोडलं नाही.

मग कार्ड भरलं. दुसरा डोस सोळा महिने पूर्ण झाल्यावर, म्हणजे ही माणसं गावी परतल्यानंतर. तिथल्या नर्सबाईला हा डोस झालेला कळायचा तो या कागदावरूनच. बाईंनी तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून आईच्या हातात दिला आन् बजावलं, "रेशन कार्डाबरोबर ठेव. कोपी मोडशील तेव्हा आधी हे उचल."